भिशीची वही: पाचव्या महिन्याचं पान

१० तारीख, रात्री

आजचं पान भरून झालं. बारा जणींची भिशी, हजार रुपये हप्ता, दर महिन्याला जिचा नंबर लागेल तिला बारा हजार. बोली नाही, लिलाव नाही, फक्त चिठ्ठी. इतक्या सरळ भिशीला वही कशाला, असं बऱ्याच जणींना वाटतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नावापुढे बरोबरची खूण केली की झालं! पण ती खूण पैसे कधी आले, कसे आले, कोणाच्या हातात दिले, यातलं काहीच सांगत नाही. आणि भिशीत भांडण होतं ते नेमकं यावरूनच.

वही शिवलेली हवी. सुट्ट्या पानांची नको, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक पानावर नंबर टाकून ठेवावा. पेन्सिल अजिबात नको. चूक झाली तर एका रेघेने खोडायचं, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही. पहिल्या पानावर नियम लिहायचे: हप्ता किती, भरायची शेवटची तारीख कोणती, चिठ्ठी कधी काढायची, नंबर आपसात बदलता येतो का, मध्येच सोडली तर काय. त्याखाली बाराही जणींच्या सह्या. दोघींनी मिळून एक नंबर घेतला असेल, तर वहीत नंबर एकच ठेवावा, दोन्ही नावं लिहावीत आणि हप्त्याची जबाबदारी कोणाची ते तिथेच नोंदवावं. नाहीतर एकीचे पाचशे आले की नंबर भरल्यासारखा दिसतो.

दर महिन्याला एक पान. रकाने पाचच: नंबर आणि नाव, जमा, तारीख, रोख की ऑनलाइन, सही. आज सात जणींनी रोख दिले आणि चौघींनी फोनवरून पाठवले. ऑनलाइनवालीच्या ओळीत व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहिते. ‘पाठवलेत हं’ एवढ्यावर जमा धरायची नाही, खात्यात दिसल्यावरच धरायची. पानाच्या तळाशी उचल लिहायची, आणि तीही फोडून: सात हजार रोख, बाकीचे खात्यावर. नुसतं ‘बारा हजार दिले’ लिहिलं तर रोख किती होते, हे दोन महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

जिचा नंबर लागतो तिच्या हप्त्याबाबत एक सवय सगळीकडे दिसते. तिचे हजार कापून घ्यायचे आणि अकरा हजार हातात द्यायचे. द्यायला हरकत नाही, पण वहीत तिचे हजार जमा आणि बारा हजार उचल असंच लिहावं. अकरा लिहिले तरी हिशोब जुळतो, पण तिच्या जमेचा रकाना कोरा राहतो, आणि तीन-चार महिन्यांनी पान उलटणारीला ती थकबाकी वाटते.

आता आजच्या पानाचा अवघड भाग. चौथ्या नंबरचा हप्ता आला नाही. ‘ताई, या महिन्यात तुम्ही भरून टाका, पुढच्या महिन्यात दोन एकदम देते.’ चार नंबरची भिशी दुसऱ्याच महिन्यात लागली आहे. भिशीत अकरा हजारच जमले, पण जिचा नंबर लागला तिला बारा द्यायचेच असतात, म्हणून वरचे हजार भिशी चालवणारीने घातले. इथे मोह होतो तो चारपुढे जमा लिहून टाकण्याचा. तसं लिहिलं की थकबाकी वहीतून निघून जाते आणि फक्त चालवणारीच्या डोक्यात उरते. म्हणून चारच्या ओळीत ‘०, बाकी १०००’, आणि तळाशी वेगळी ओळ: ‘उसने घातले १०००, नंबर चारसाठी’.

पुढच्या महिन्यात ती दोन हजार आणेल तेव्हा ते सगळे सहाव्या महिन्यात जमा करायचे नाहीत. केले तर त्या पानाची बेरीज तेरा हजार होते आणि जास्तीचे हजार कोणाचे, यावर चर्चा सुरू होते. एक हजार सहाव्या पानावर. दुसरे हजार आजच्याच पानावर, पण पैसे आले त्या दिवसाची तारीख घालून, आणि उसन्याच्या ओळीसमोर ‘परत’.

वहीच्या शेवटी एक वेगळं पान असतं, तेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यावर प्रत्येकीने आजवर भरलेले, उचललेले आणि दोन्हींतला फरक. जिची भिशी अजून लागलेली नाही तिने पाच हजार भरलेत, म्हणजे तिचं पाच हजार येणं. जिची लागली तिने पाच भरून बारा उचलले, म्हणजे तिच्याकडे सात हजार देणं. सात जणींची लागायची आहे: येणं ३५,०००. पाच जणींची लागली: देणं ३५,००० व्हायला हवं. पण चार नंबरने चारच हजार भरलेत, तिचं देणं आठ, म्हणून बेरीज ३६,०००. फरक बरोबर हजाराचा, जेवढे उसने घातले तेवढाच. फरक शून्य किंवा उसन्याइतका आला नाही, तर कुठेतरी नोंद चुकली आहे, आणि ती त्याच रात्री शोधावी.

हप्ता थकला की आधी याच पानावर बघावं. भिशी न लागलेलीने हप्ता चुकवला, तर तिचेच पाच हजार आत अडकलेले असतात. उचललेलीने चुकवला, तर दुसऱ्यांचे पैसे तिच्याकडे असतात. आठवण दोघींना करायची, पण आधी फोन चार नंबरला.

मध्येच कोणी सोडून जाते तेव्हाही याच पानाचा आधार. भिशी न लागलेली निघाली तर तिचं येणं पाच हजार, पण भिशीत शिल्लक कधीच नसते, दर महिन्याचं त्याच रात्री निघून जातं. नवीन कोणी पाच हजार देऊन तिच्या जागी आली तर उत्तम. नाही आली, तर उरलेल्या सात महिन्यांत अकरा-अकरा हजार जमतील. सहा जणींना बारा-बारा द्यायला दर महिन्याला हजार कमी पडतील, ते कोणीतरी उसने घालायचे. शेवटच्या महिन्याच्या अकरांतून सहा उसनेवालीला, पाच सोडून गेलेलीला. हिशोब पैशापर्यंत जुळतो, फक्त तिला शेवटपर्यंत थांबावं लागतं. हे पहिल्या पानावर लिहिलेलं असेल तर वाईटपणा येत नाही.

चिठ्ठ्यांचीही नोंद आहे. डबा हलवण्याआधी चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उघडून मोजल्या: आठ. चार जणींची लागून गेली होती, म्हणजे बरोबर. नंबर निघाला की ती चिठ्ठी पानावरच चिकटवते. कोणी नंबर बदलून घेतला तर दोघींच्या सह्या, नुसत्या तोंडी कबुलीवर नाही.

पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. नऊ नंबरची तारीख एका दिवसाने चुकली होती, तिने लगेच कळवलं. एका रेघेने खोडून ९ तारीख केली, शेजारी दोघींची सही उद्या घ्यायची आहे.