मुरुनारु बेरांकारु

१० मार्च, रात्री

मृणालच्या इथल्या जपानी शाळेतून दाखला आला. झाइगाकु शोमेइशो, म्हणजे ही मुलगी आमच्या शाळेत शिकते याचा दाखला, आणि सोबत त्याचं इंग्रजी भाषांतर. जूनमध्ये पुण्याच्या शाळेत घालायचं तर हे दोन्ही लागणार. जपानी कागद अगदी चोख, मुख्याध्यापकांचा लाल शिक्का वगैरे. इंग्रजी कागदावर मात्र नाव होतं BERANKARU MURUNARU. आधी खूप हसलो. मग पुण्याच्या शाळेतल्या क्लार्कबाई डोळ्यांसमोर आल्या आणि हसू थांबलं.

हे कुठून आलं ते लगेच कळलं. शाळेच्या दप्तरी नाव काताकाना या जपानी लिपीत आहे, आणि तिच्यात ‘ल’ नाही, सगळा ‘र’. ‘न’ सोडून कुठलंही व्यंजन एकटं उभं राहत नाही, त्याला स्वर चिकटतो. ‘व’ चा बहुतेक वेळा ‘ब’ होतो. तर मृणालचं मु-रु-ना-रु, वेलणकरचं बे-रा-न्-का-रु. इथवर काहीच चुकीचं नाही, वर्गात तिला सगळे असंच म्हणतात. ऑफिसमधल्या बाईंनी भाषांतर करताना तीच अक्षरं एकेक करून रोमनमध्ये उतरवली, पासपोर्ट बघितला नाही. त्यांच्यापुढे तो नव्हताच म्हणा.

नितीन म्हणाला, फोन कर, खाडाखोड करून देतील. इथे तशी पद्धत आहे खरी: चुकलेल्या शब्दावर दोन रेघा, बाजूला बरोबर शब्द, त्यावर छोटा शिक्का. जपानी कार्यालयात ते चालतं. पण खोडलेलं नाव असलेला दाखला पुण्यात कोण हातात धरेल? आणि तिथे जनरल रजिस्टरला जे नाव पडेल तेच पुढे दहावीच्या सर्टिफिकेटापर्यंत जाणार. तेव्हा दुरुस्ती नको, नवीन प्रतच हवी. आणि लेखी मागायची, कारण फोनवर माझी जपानी ‘सुमिमासेन’च्या पुढे नीट जात नाही.

पहिला मसुदा ऑफिसातल्या जपानी मैत्रिणीला दाखवला. मी लिहिलं होतं, ‘मुलीचं नाव दुरुस्त करून मिळावं.’ तिने तिथेच थांबवलं. असं वाचलं की शाळेला वाटेल, आपल्या नोंदवहीतलंच नाव बदलायला सांगतायत. मग ते वॉर्ड ऑफिसच्या शिक्षण खात्याला विचारणार, फाइल फिरणार. तिच्या सांगण्यावरून पहिल्याच परिच्छेदात घातलं: जपानी दाखला बरोबर आहे, काताकानातलं नाव बरोबर आहे, त्यात काहीही बदल नको. फक्त इंग्रजी भाषांतरातली रोमन अक्षरं पासपोर्टप्रमाणे हवीत.

त्याखाली दोनच ओळी ठेवल्या, मोठ्या अक्षरात:

सध्या: BERANKARU MURUNARU
हवं: VELANKAR MRUNAL NITIN

बापाचं नाव मुद्दाम घातलं. पासपोर्टवर ते ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात मृणालच्या पाठोपाठ आहे, इथे शाळेत ते कधीच गळून पडलंय. एकदा त्रास द्यायचाच तर पूर्ण नावाचा द्यावा. शिवाय एक विनंती: भाषांतरात नावाखाली काताकानातलं नावही एका ओळीत असावं, म्हणजे दोन्ही कागद एकाच मुलीचे आहेत हे पाहणाऱ्याला कळेल. प्रवेशाच्या तारखा, इयत्ता, जन्मतारीख हे सगळं मी ताडून पाहिलं, ते बरोबर आहे, हेही लिहिलं. नाहीतर तिकडे सगळं पुन्हा तपासत बसतील बिचारे.

सोबत पासपोर्टच्या फोटोच्या पानाची झेरॉक्स आणि मृणालच्या रेसिडेन्स कार्डाची. दुसरी जास्त कामाची. त्यावरचं रोमन नाव पासपोर्टवरून घेतलेलं असतं आणि कार्ड जपान सरकारचं असतं, त्यामुळे ‘आईबाप म्हणतात म्हणून’ असा प्रश्न राहत नाही. चुकलेलं भाषांतर मूळच जोडलंय, एकाच मुलीचे दोन वेगळ्या नावांचे कागद फिरायला नकोत.

घाई एवढ्यासाठी की इथलं शाळेचं वर्ष मार्चअखेर संपतं आणि १ एप्रिलला बदल्या होतात. मुख्याध्यापकही बदलू शकतात. नवे साहेब दाखला देतील, पण हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल.

शेवटी नेहमीचं ‘आपल्या गडबडीत त्रास देतोय, क्षमस्व’. मैत्रिणीने ते वाक्य तीनपट लांब केलं. मला जरा अतीच वाटलं, पण राहू दिलं.

पाकीट मृणालच्या दप्तरात ठेवलंय. रेनराकुचो, म्हणजे बाईंची आणि आमची निरोपाची वही, त्यात लिहिलं की पत्र ऑफिससाठी आहे, २४ तारखेच्या आत मिळालं तर बरं. मृणालला विचारलं, नाव चुकलंय हे तुला कळलं का? ती म्हणाली, ‘चुकलं कुठंय? मुरुनारुच लिहिलंय की.’