तुम्ही विचारलंत म्हणून: प्रमाण मूळ जागी का आणते

“ताई, वर चाललेले विकून पडलेले का घेता? चढत्या बाजारात नुकसानच नाही का होत?”

होते. ते मी कधीच नाकारले नाही. पण नफ्यासाठी मी इक्विटी आणि डेटचे, म्हणजे शेअर आणि रोख्यांचे, ठरवलेले प्रमाण सांभाळते हे तुम्ही परस्पर ठरवून टाकता, याचाच मला त्रास होतो.

बडोद्यात दांडिया बाजारच्या घरी दादाने आणि मी 2003 साली एकाच दिवशी निम्मे पैसे सेन्सेक्सच्या मागे चालणाऱ्या इंडेक्स फंडात आणि निम्मे डेट फंडात घातले. हिशेब सोपा जावा म्हणून प्रत्येकी पाच-पाच लाख धरू. सेन्सेक्स तेव्हा सुमारे 3,000 होता आणि जानेवारी 2008 मध्ये त्याने 21,000 ओलांडले. दादाने मधल्या काळात कशालाच हात लावला नाही, त्यामुळे त्याचे इक्विटीतले पाचाचे पस्तीस झाले, डेटमधले सातापर्यंत पोचले आणि एकूण बेचाळीस लाख झाले. इक्विटी पंचावन्न टक्क्यांवर गेली की मी जादा भाग विकून डेटमध्ये घालत असे. माझे साधारण तेहतीसच झाले. नऊ लाखांचा हा फरक दादा मला प्रत्येक सणाला ऐकवत असे, आणि त्याच बेचाळीसच्या भरवशावर त्याने नोकरी सोडली.

त्याच्या कागदावर मात्र आता निम्मे-निम्मे उरले नव्हते. त्र्याऐंशी टक्के इक्विटी झाली होती, आणि एवढी जोखीम त्याने कधी ठरवून पत्करलेली नव्हती. ऑक्टोबर 2008 पर्यंत सेन्सेक्स सुमारे साठ टक्के पडला. दादाचे एकवीस लाख उरले, म्हणजे बरोबर अर्धे. स्टेटमेंट पुढ्यात ठेवून तो म्हणाला, “यापुढे मला सोसवणार नाही”, आणि तळाशी असतानाच त्याने सगळे विकून बँकेत मुदत ठेव केली. पुढच्याच वर्षी बाजार दुपटीच्या आसपास वर आला, तेव्हा त्याच्याकडे वर यायला काही उरलेच नव्हते.

आता माझे ऐका. घसरणीत प्रमाण राखायला मी डेटमधून काढून इक्विटीत घालत राहिले, आणि तेही पडत राहिले. शेवटी माझ्याकडेही एकवीस-बावीस लाखच उरले, म्हणजे रकमेत आम्ही जवळजवळ बरोबरीतच होतो. घसरण चाळीस टक्क्यांवर थांबली असती, तर दादा माझ्या पुढेच राहिला असता. मग मिळवले काय, असे मी स्वतःलाही विचारले आहे. माझी घट जेमतेम एक तृतीयांशाच्या वर होती, मला विकावे लागले नाही, आणि बाजार फिरला तेव्हा माझा निम्मा पैसा त्यात होता.

करामुळे आता मी आधी नवी बचत मागे पडलेल्या बाजूला घालते आणि तेवढ्याने भागले नाही तरच विकते. जुलै 2024 पासून इक्विटीच्या दीर्घकालीन नफ्यातल्या सव्वा लाखापुढच्या भागावर साडेबारा टक्के जातात, म्हणून पाच टक्क्यांची मर्यादा सातवर न्यावी का, यावर माझे माझ्याशीच अजून भांडण चालू आहे.