हुकवर्म शून्य

संध्याकाळी पाचपर्यंत गोषवारा पाठवायचा होता आणि तो माझ्यासमोर आला दुपारी सव्वाबाराला. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, विद्यार्थी परिषदेतलं तिचं पहिलंच पोस्टर. मर्यादा २५० शब्दांची, तिचे झाले होते २४८. शब्द तिने नीट मोजले होते. घोटाळा मजकुरात होता.

काम साधं होतं. सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यातली एक प्राथमिक शाळा. १० फेब्रुवारीला जंतनाशक दिनाच्या फेरीत मुलांना ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला दिली होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे साधारण तीन आठवड्यांनी, तिने पालकांची संमती घेऊन १४० मुलांना डब्या वाटल्या. परत आल्या ११२. त्यातल्या १३ मुलांच्या शौचात जंतांची अंडी सापडली: १० मुलांत गोल जंताची, ३ मुलांत चाबूक जंताची. गोषवाऱ्यातलं तिचं वाक्य असं होतं: ‘एका फेरीनंतर जंतांचे प्रमाण ११.६ टक्क्यांपर्यंत खाली आले असून हुकवर्म पूर्णपणे नाहीसा झाला आहे.’

“खाली आले म्हणजे कुठून गं?” मी विचारलं.

ती गप्प. गोळीच्या आधीचे नमुने आपण घेतलेलेच नव्हते. तिची परवानगी हातात आली तेव्हा फेरी उरकलेली होती. तेव्हा ‘आले’ काढायचं आणि ‘होते’ लिहायचं, एवढं ठरलं. गोळी मिळूनही दहा पोरांत गोल जंत निघाले याचं कारण तिने ‘पुन्हा झालेला संसर्ग’ असं दिलं होतं. तेही खोडलं. गोल जंताचं अंडं पोटात गेल्यापासून त्याची मादी स्वतः अंडी घालू लागेपर्यंत दोन-तीन महिने जातात. तीन आठवड्यांत दिसलेली अंडी जुन्या जंतांचीच. म्हणजे गोळी लागू पडली नाही, किंवा ती पोटात गेलीच नाही.

गेली का, हे शाळेच्या गोळीवाटपाच्या वहीत होतं. वहीचे फोटो तिच्या फोनमध्ये होते, पण तिने ते मुलांच्या यादीशी ताडून पाहिले नव्हते. तासभर आम्ही दोघी नावावर नाव लावत बसलो. डबी परत केलेल्या ११२ पैकी ९४ मुलांनी गोळी खाल्ली होती आणि १८ मुलांनी नाही. खाल्लेल्यांत जंत ६ जणांत: ३ गोल आणि ३ चाबूक. न खाल्लेल्यांत ७ जणांत, सगळे गोल. म्हणजे एकीकडे शंभरात सहा-सात, दुसरीकडे शंभरात अडतीस-एकोणचाळीस. चाबूक जंताच्या तिन्ही पोरांनी गोळी खाल्ली होती, याचं मला नवल वाटलं नाही. अल्बेंडाझोलचा एक डोस गोल जंतावर उत्तम चालतो, चाबकावर फार कमी.

१८ पैकी १२ पोरं ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवरची, म्हणजे हंगामापुरत्या झोपड्यांतली होती. शाळेत नाव हंगामापुरतं, हजेरी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरात कोणी असेल तशी. १० तारखेला ती नव्हती आणि आठवड्याने राहिलेल्यांना गोळ्या दिल्या तेव्हाही नव्हती.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. पण ‘हुकवर्म नाहीसा’ हे मला खटकत होतं. कोप्यांच्या भोवती ओली, सावलीची माती, शौचाला उसातच जायचं, पोरांच्या पायात चप्पल नाही. हुकवर्मची अळी मातीतून तळपायाच्या कातडीत शिरते, तिला याहून बरी जागा कुठली मिळणार? आणि गोळी न खाल्लेल्या अठरातही एकाला तो नसावा?

“स्लाइड किती वाजता करायचीस आणि किती वाजता बघायचीस?”

तिने वही उघडली. काम नेटकं होतं, दोन्ही वेळा लिहिलेल्या. नमुने गावातून साडेदहाला यायचे. साडेअकरापर्यंत सगळ्या स्लाइड तयार. मग लेक्चर, मग जेवण, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पहिली स्लाइड साडेतीनला.

उत्तर तिथेच होतं. पद्धत काटो-कॅट्झ. जाळीतून गाळलेलं शौच भोकाच्या साच्यात भरायचं, साच्यात साधारण ४१.७ मिलिग्रॅम मावतं, त्यामुळे दिसलेल्या अंड्यांना २४ ने गुणलं की एका ग्रॅममधली संख्या येते. त्यावर ग्लिसरीनमध्ये भिजवलेला सेलोफेनचा तुकडा ठेवून दाबायचं. ग्लिसरीन हळूहळू मळ पारदर्शक करतं आणि अंडी उठून दिसतात. गोल आणि चाबूक जंताच्या अंड्यांचं कवच जाड, ती तासन्‌तास टिकतात. हुकवर्मचं कवच पातळ. अर्ध्या ते एका तासात मळाबरोबर तेही इतकं पारदर्शक होतं की दिसेनासं होतं. चार तासांनी बघितलेल्या स्लाइडवर हुकवर्म शून्यच येणार, मग पोटात कितीही असोत.

तिचा चेहरा पडला. खरं तर चूक माझीही होती, वेळापत्रक मीच पाहून सही केली होती. उरलेले नमुने कधीच ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक होऊन टाकून दिले गेले होते.

तेवढ्यात पलीकडे काचा धुणारे आमचे प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, “मॅडम, सुरुवातीचं मी सलाईनवर बघितल्यालं हाय. डबी आली की बघायची सवयच हाय आपली.” आणि त्यांनी खिशातली मळकी डायरी काढली. नमुना आल्याआल्या मिठाच्या पाण्याचा एक थेंब, त्यात काडीभर शौच, वर कव्हरस्लिप. पहिल्या ४० डब्या त्यांनी अशा पाहिल्या होत्या, पुढे दुसरं काम आलं म्हणून सोडल्या. चार नंबरांपुढे लिहिलेलं: ‘हुक’. त्यातल्या तिघांनी गोळी खाल्लेली नव्हती. चारही पोरं आमच्या तेरांत नव्हती.

पोरगी उड्याच मारायला लागली. “मग १३ अधिक ४, १७! पंधरा टक्के!”

नाही. चार सापडले ते ४० डब्यांत, बाकीच्या ७२ त्या पद्धतीने पाहिल्याच नाहीत. थेंबात मावणारं शौच जेमतेम दोन मिलिग्रॅम, त्यामुळे हलका संसर्ग तिथेही हुकतो. दोन वेगळ्या मापांची बेरीज करून टक्केवारी काढायची नाही. तिला हे पटायला वेळ लागला, कारण पंधरा टक्के दिसायला छान होतं.

शेवटी गोषवाऱ्यात काय गेलं ते सांगते. ‘अनुपस्थितीमुळे गोळी न मिळालेल्या मुलांत गोल जंत जास्त आढळले. काटो-कॅट्झच्या स्लाइड उशिरा पाहिल्यामुळे हुकवर्मचे प्रमाण ठरवता आले नाही. सलाईन तपासणी झालेल्या ४० पैकी ४ नमुन्यांत त्याची अंडी आढळली.’ शीर्षकातला ‘परिणाम’ हा शब्द काढला. शब्द २४९. चार वाजून पन्नास मिनिटांनी पाठवला.

मग तिने विचारलं, “मॅडम, त्या सतरा जणांना गोळ्या कधी द्यायच्या?”

हे खरं तर मार्चच्या पहिल्या आठवड्यातच व्हायला हवं होतं. सगळा निकाल एकदम देऊ म्हणून मीच थांबवलं होतं. मुख्याध्यापकांना फोन लावला, नावं वाचून दाखवली. ते एकेक ऐकत गेले आणि मध्येच म्हणाले, “मॅडम, यातली आठ पोरं कोप्यांवरची. परवा कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला. गेली ती बीडकडं.”

उरलेल्या नऊ जणांच्या गोळ्या दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविकेकडे पोहोचवल्या. आठ जणांची नावं मामांच्या डायरीत लिहून ठेवली आहेत, पुढच्या हंगामात कोप्या पडल्या की बघायची म्हणून.