मध्यबिंदू हुक्केरीजवळ पडला

गेल्या वर्षी आमचं गोदाम बेळगावातून हलवायचं ठरलं, त्याचा हिशेब माझ्याकडे होता. गोदाम हललं, गाड्या सुरू झाल्या, सगळं सुरळीत चाललंय. तरी त्या कोष्टकातला एक आकडा अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

आमचा माल म्हणजे पशुखाद्य, पन्नास किलोची पोती. कारखाना कागलकडे, म्हणजे महाराष्ट्रात, आणि विक्री सगळी इकडे कर्नाटकात. त्यामुळे गोदाम हद्दीच्या अलीकडेच हवं, एवढं पक्कं होतं. वर्षानुवर्षं माल बेळगावला यायचा आणि तिथून गावोगावी जायचा. चिक्कोडीचं पोतं निपाणीवरून खाली बेळगावला उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी परत वर चिक्कोडीला चढायचं. याची लाज वाटायला आम्हाला दहा वर्षं लागली.

पहिला हिशेब ऑफिसातल्या नव्या मुलानं केला. शिकलेला आहे, गुरुत्वमध्य पद्धत त्याला पाठ होती. नकाशावर बेळगाव शून्य धरायचं, प्रत्येक गाव पूर्वेला किती आणि उत्तरेला किती किलोमीटर ते मांडायचं, त्या अंतराला गावाच्या महिन्याच्या टनांनी गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण टनांनी भागायचं. कारखानाही एक गाव समजून त्यात घ्यायचा, कारण गोदामात येणारा मालसुद्धा ओढावा लागतोच. पुठ्ठ्याच्या नकाशावर गावागावाला वजनं चिकटवून तो सुईच्या टोकावर तोलला, तर सुई जिथे येईल तोच हा बिंदू. त्याचा बिंदू बेळगावच्या ५९ किलोमीटर उत्तरेला आला, निपाणीच्या पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवर. मालक खूश झाले. का खूश झाले ते मला नंतर कळलं. त्या बाजूला त्यांच्या नात्यातल्या एकाची तंबाखूची रिकामी वखार होती.

मला ते उत्तर पटेना. कारण सांगता येत नव्हतं, नुसतं खटकत होतं. रात्री घरी बसून कोष्टक उघडलं. आधी एक किरकोळ घोळ निघाला. बेळगावचं नाव सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण आमच्या बिलांच्या प्रोग्रामात जुनं नाव आणि नवं नाव ही दोन वेगळी गावं म्हणून बसली होती. चिक्कोडीही दोन स्पेलिंगांत विभागलेली. पोरानं ते नीट जोडून घेतलं होतं, त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. पण त्यानं निपाणीचे १०० टनही धरले होते. कारखान्याची गाडी निपाणीवरूनच येते. निपाणीच्या दुकानदारांना आम्ही परस्पर गाडीतूनच माल उतरवून देतो, तो गोदामाचं तोंडच बघत नाही. मग त्यानं गोदामाला आपल्याकडे ओढायचं काय कारण? ते १०० टन काढले, राहिले ६००. बेळगाव १५०, गोकाक १४०, चिक्कोडी १२०, अथणी ९०, खानापूर आणि बैलहोंगल पन्नास-पन्नास.

खरी चूक मात्र पुढे होती, आणि ती सापडली तेव्हा मी एकटाच हसलो. त्यानं टन मोजले होते, भाडं नाही. कारखान्यातून येणारी गाडी वीस टनांची. तिला आम्ही किलोमीटरला ६० रुपये देतो आणि परतीचा माल ट्रान्सपोर्टवाला स्वतः शोधतो. म्हणजे एक टन एक किलोमीटर आणायला आम्हाला ३ रुपये पडतात. गोदामातून गावाला जाणारा टेम्पो साडेतीन टनांचा, किलोमीटरला २१ रुपये. तो परत येतो रिकामा, कारण पोती उतरवून झाल्यावर गोकाकहून गोदामाकडे कोण काय पाठवणार? म्हणजे जाऊन येऊन ४२ रुपये, भागिले साडेतीन टन, झाले १२. कारखान्याकडचा टन आणि गोकाककडचा टन वजनात सारखे, पण गोकाककडचा चौपट जोरानं ओढतो. वजन म्हणून टन नाही, टन गुणिले दर घालायला हवा. गोकाकचे १४० टन म्हणजे किलोमीटरला १६८० रुपये, आणि कारखान्याचे ६०० टन म्हणजे फक्त १८००. नुसत्या टनांच्या हिशेबात कारखाना एकटा सगळ्या गावांइतका जड झाला होता, म्हणून बिंदू त्याच्याकडे झुकला होता.

दर घातल्यावर बिंदू हलला. बेळगावपासून उत्तरेला ४३ आणि पूर्वेला १४ किलोमीटर, म्हणजे हुक्केरीला खेटून. निपाणीची वखार बाद.

सकाळी मालकांसमोर कागद ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे तुमचं म्हणणं, हुक्केरीतच जागा घ्यायची?" मी होय म्हणणार होतो. पण रात्री अजून एक गोष्ट करून बघितली होती, ती सांगणं भाग होतं.

ही पद्धत खरं तर अंतराचा खर्च कमी करतच नाही, ती अंतराच्या वर्गाचा खर्च कमी करते. त्यामुळे अथणीसारखं लांबचं गाव तिच्यावर गरजेपेक्षा जास्त हक्क सांगतं. खरा कमीत कमी खर्चाचा बिंदू हवा असेल तर मिळालेल्या बिंदूपासून प्रत्येक गावाचं अंतर काढायचं, प्रत्येक वजनाला त्या अंतरानं भागायचं, नव्या वजनांनी पुन्हा मध्य काढायचा, आणि बिंदू हलायचा थांबेपर्यंत हेच चालू ठेवायचं. मी हे केलं. बिंदू पूर्वेला जेमतेम दोन किलोमीटर सरकला आणि महिन्याचा ३ लाख ८८ हजारांचा खर्च उतरला तो नऊशे रुपयांनी. नऊशे! दिवसाला दोन हमालांचा चहासुद्धा नीट होत नाही त्यात.

त्या नऊशे रुपयांनी मला जागं केलं. खर्चाचा आकार विहिरीसारखा नसतो, परातीसारखा असतो. मध्यभागी सगळं सपाट. पाच किलोमीटर इकडे काय, तिकडे काय, फरक हाताला लागत नाही. मग परातीच्या त्या सपाट भागात कुठे बसायचं हे नकाशाला विचारून उपयोग नाही, रस्त्याला विचारायचं.

रस्ता म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, सगळे त्यांना मामा म्हणतात. दुपारी त्यांच्याच टेम्पोत बसून निघालो. संकेश्वरला हमरस्ता सोडून हुक्केरीकडे वळलो तेव्हा उसाचा हंगाम ऐन भरात होता. पुढे एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना ऊस हातभर बाहेर आलेला. मामांनी हॉर्न वाजवला नाही, गिअर खाली घेतला आणि विडी पेटवली. "साहेब, तुमच्या कागदावर हा बसतोय का ओ?" बसत नव्हता. माझ्या कागदावर सगळ्या रेषा सरळ होत्या. पक्षी उडतो तशा.

मग खरी अंतरं घेतली. सरळ रेषेत संकेश्वरचा खर्च हुक्केरीपेक्षा महिन्याला सत्तावीस हजारांनी जास्त दिसत होता. पण कागलची मोठी गाडी हुक्केरीला जाणार ती संकेश्वरवरूनच, म्हणजे त्या वीस टनांना पुढचे पंधरा-एक किलोमीटर जादा. बेळगाव-संकेश्वर सरळ ४५, रस्त्यानं ५० च्या आसपास, कारण मध्ये हमरस्ता आहे. बेळगाव-गोकाक सरळ ४९, आणि रस्त्यानं पासष्टच्या पुढेमागे. सगळी अंतरं मीटरवर मोजून, जिथे मोजता आली नाहीत तिथे मामांच्या अंदाजानं घालून बेरीज केली, तर संकेश्वर आणि हुक्केरी दोन्ही पाच लाख चार हजारांच्या आसपास आले. जवळजवळ बरोबरी. कोगनोळीचा आणि हत्तरगीचा टोल यात नाही, कारण टोल किलोमीटरवर नसतो, खेपेवर असतो, आणि या पद्धतीला खेप कळत नाही. संकेश्वरला वीस टनांची गाडी वळवायला जागा आहे, पहाटे हमाल मिळतात. ठरलं संकेश्वर. पोराला मी सांगितलं की त्याची पद्धत चुकली नव्हती, फक्त तिला काय खायला घालायचं ते चुकलं होतं. तो म्हणाला, कॉलेजात दर दिलेलाच असायचा.

इथेच लिखाण संपवता आलं असतं. पण जूनमध्ये खानापूरच्या दुकानदाराचा फोन आला. पूर्वी बेळगावहून सव्वीस किलोमीटर, दुपारी फोन केला की संध्याकाळी पोती दारात. आता संकेश्वरहून पंचाहत्तरच्या पुढे, आणि साडेतीन टन भरल्याशिवाय आम्ही टेम्पो हलवत नाही. "तुमची गाडी आठवड्यानं येणार. तोवर मी जादा पोती ठेवू कुठं? आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक नाही काय? ताडपत्री घातली तरी खालची थप्पी ओलसर होते, बुरशी धरते. मग मी दुसऱ्यांचा माल घेतो, वाईट वाटून घेऊ नका."

खानापूरचे पन्नास टन. तो आकडा मी कधी तपासलाच नव्हता. तो तिथल्या गाईम्हशींची गरज सांगत नव्हता, आम्ही तिथे किती पोचवू शकलो ते सांगत होता. पावसाळ्यात जांबोटीच्या बाजूला आमचा टेम्पो जातच नसे, तर टन कुठून दिसणार? आता ते चाळीस होतील, पुढच्या वर्षी कोणी हिशेब केला तर चाळीसच घालेल, आणि बिंदू अजून थोडा वर सरकेल.

त्या रात्री खानापूरसमोर पन्नासच्या जागी नव्वद घालून बघितले. वाटलं होतं काहीतरी मोठं हलेल. बिंदू दक्षिणेला तीन किलोमीटर सरकला. फक्त तीन. म्हणजे गोदाम चुकीच्या जागी नाही, आणि तरी खानापूरचा दुकानदार खरं बोलतोय. बेळगावच्या जुन्या गोदामाच्या दोन खोल्या खानापूर-बैलहोंगलसाठी ठेवाव्यात, मोठी गाडी महिन्यातून दोनदा थेट तिथे न्यावी, असं मी मालकांना सुचवलंय. दोन खोल्यांचं भाडं किती म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. "बघूया," म्हणाले. त्याला आता दीड महिना झाला. कोष्टकात नव्वद तसाच आहे.