सरीत काय आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून: "गिऱ्हाईकाचा मेसेज अर्धाच आला तर तुम्ही अंदाजानं माल काढता, की परत विचारता?"

दोन्ही करतो. मेसेज किती तुटलाय हे मी फारसं बघत नाही. तुटलेल्या जागी काय काय असू शकेल ते मनात मांडतो आणि त्यातलं एकेक खरं धरलं तर माझ्या दुकानातून कोणता माल बाहेर पडेल ते बघतो. सगळ्या शक्यतांना एकच माल जात असेल, तर विचारायची गरज नाही. एका शक्यतेला जरी वेगळा माल जात असेल, किंवा काहीच द्यायचं नसेल, तर मात्र माझा हात फोनकडं जातो.

निपाणी-चिकोडी पट्ट्यातलं आमचं कृषी सेवा केंद्र म्हणजे निम्मा धंदा आता मोबाईलवरच. माणूस बांधावर उभा राहून, ओल्या हातानं, कधी मराठीत, कधी इंग्रजी अक्षरांत, मध्येच एखादा कन्नड शब्द घालून लिहितो. सगळं लिहायच्या आधीच बोट लागून मेसेज सुटतो, किंवा रेंज जाते. अशा माणसाला प्रत्येक वेळी 'म्हणजे काय?' विचारत बसलो, तर तो दुसऱ्या दुकानात जाईल आणि त्याचं बरोबरच असेल.

खताचं सोपं असतं. "१० २६ ४ पोती उद्या" एवढंच आलं, तर ते १०:२६:२६ आहे. फळीवर दुसरं काही त्या आकड्यांनी सुरूच होत नाही. "२४ पाठवा" हे मात्र फसवं. ते २४:२४:० हे खत असेल किंवा टू फोर डी हे तणनाशक असेल. पण पुढं "२ पोती" असेल तर प्रश्न मिटला, कारण तणनाशकाचं पोतं येत नाही. पुढं काहीच नसेल तर विचारायचं. म्हणजे अंदाज करायचाच झाला, तर तो मेसेजमधल्याच एखाद्या खुणेवर टेकलेला हवा. 'हा गडी दरवेळी हेच नेतो' ही खूण मी धरत नाही. मागच्या वेळी तंबाखू होता, यंदा त्याच रानात ऊस असेल. शिवाय खताचं पोतं शिवलेलं असतं. चुकून गेलं तरी संध्याकाळी परत येतं, रिक्षाचं भाडं तेवढं जातं.

तणनाशकाचं तसं नाही. पंपातून एकदा पिकावर पडलं की विषय संपला. म्हणून तिथला एक मेसेज नीट उलगडून सांगतो. पाऊस लागून राहिलेला, आडसाली लावणी होऊन काही आठवडे झालेले, आणि एका गिऱ्हाईकाकडून आलं:

"२ एकर उसाला तणाचं औषध पोराकडं द्या सरीत"

बस्स, इथंच तुटलं. आता ज्याला दुकानाची सवय आहे त्याचा हात आपोआप कुठं जाईल ते सांगतो. आमच्याकडं उभ्या उसातल्या तणाला बरेच जण मेट्रिब्युझीन आणि टू फोर डी एकत्र करून मारतात. पीक माहीत आहे, एकर माहीत आहे, न्यायला पोरगाही येतोय. एका शब्दासाठी कशाला अडायचं, असं वाटतं.

पण त्या "सरीत"च्या पुढं काय काय असू शकतं? सरीत ओल चांगली आहे, असं असेल तर उत्तमच, नेहमीचंच औषध जाईल. सरीत पाणी साठलंय, असंही असेल. मग औषध तेच, पण वापसा येईपर्यंत थांबा म्हणून सांगावं लागेल. सरीत लव्हाळा आहे, असं असेल तर औषधच बदलतं. लव्हाळ्याची गाठ जमिनीखाली असते. वरचा शेंडा जळाला तरी तो आठवड्या-पंधरवड्यात परत उठतो. त्याला हॅलोसल्फ्युरॉन लागतं, एकरी ३६ ग्रॅमची पुडी, आणि तेही लव्हाळा तीन-चार पानांवर असताना. चौथी शक्यता सगळ्यात वाईट: सरीत सोयाबीन टोकलंय.

आपल्या भागात उसात सोयाबीन, भुईमूग, हरभरा घेणं नवं नाही. उसाचे पैसे हातात यायला वर्ष-दीड वर्ष जातं. मधल्या खर्चाला हे आंतरपीक लागतं. आणि टू फोर डीचं काम काय, तर रुंद पानांची तणं मारायची. ऊस गवताच्या कुळातला म्हणून तो टिकतो. सोयाबीनचं पान रुंद. औषधाला सोयाबीन आणि माठ, घोळ यांतला फरक कळत नाही. एक-दोन दिवसांत देठ पीळ घालतात, शेंडा वाकतो, पानं वाटीसारखी होतात. मेट्रिब्युझीननं पानाच्या कडा पिवळ्या पडून वाळत येतात, आणि जुन्या पानांवर ते आधी दिसतं. नवशिक्या पोरांचा इथं एक घोटाळा होतो. मेट्रिब्युझीन सोयाबीनलाही चालतं असं त्यांनी वाचलेलं असतं. चालतं, पण पेरल्यावर, उगवण्याआधी. उगवून आलेल्या रोपावर नाही.

म्हणजे चार शक्यतांत तीन वेगळी वागणूक निघाली, आणि चौथीत नेहमीच्या औषधानं गिऱ्हाईकाचं मधलं पीक जाणार. आता त्या चौथीची शक्यता कमी आहे की जास्त, हा हिशेब मी करत बसत नाही. शंभरातली एक असली तरी ती एक कुणाच्या तरी दोन एकराची असते आणि विचारायला मला एक फोन लागतो.

आधी मात्र पाच-दहा मिनिटं थांबतो. कितीतरी अर्धे मेसेज आपले आपणच पूर्ण होतात, रेंज आली की उरलेला तुकडा खाली येऊन पडतो. पोरगा अजून वाटेवरच आहे, तर घाई कशाची? नाही आला, तर फोन.

विचारायचं कसं, यात खरं कसब आहे. "सरीत काही नाही ना?" असं कधीच विचारू नये. तिकडून "हो" आलं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? काही नाही म्हणून हो, की आहे म्हणून हो? "नेहमीचंच देऊ न्हवं?" हाही वाईट प्रश्न. आपण औषधाची माहिती असलेले, तो घाईत. आपल्या तोंडून जे निघेल त्याला तो हो म्हणून मोकळा होतो. मग आपल्याला वाटतं की विचारून घेतलं, आणि प्रत्यक्षात आपलाच अंदाज आपल्याला परत ऐकू आलेला असतो. मी विचारतो: "मामा, सरीत काय आहे म्हणत होतासा?" आणि गप्प बसतो. नीट उत्तर आलं नाही तरच पर्याय देतो, तेही सगळे एका दमात: पाणी, लव्हाळा, की दुसरं पीक? फोन उचलला नाही तर एकच ओळ लिहून ठेवतो: "सरीचा एक फोटो टाका, बघून औषध देतो." फोटोचा फायदा असा की तण कोणतं, किती पानांवर आहे, तेही कळतं.

त्या दिवशी फोन लागला नाही. पोरगा मात्र येऊन उभा राहिला. त्याला विचारलं, तर म्हणाला, "काय नसंल की ओ, ऊसच हाय." पोरगा खोटं बोलत नव्हता, पण तो रानात गेलेला नव्हता. हे ओळखायला हवं. त्याचंही उत्तर अंदाजच होता, फक्त तो घरच्या माणसाच्या तोंडून आल्यामुळं खात्रीचा वाटत होता. हेच मी मालावर लिहून पाठवलं असतं आणि बापानं "दुकानदारानं दिलंय म्हणजे बघून दिलं असंल" म्हणून मारलं असतं, तर तीन माणसांपैकी एकानंही खात्री केलेली नसती.

मग पुडीवर चिठ्ठी लावून दिली तर? "सरीत दुसरं पीक असेल तर मारू नका" असं लिहून? आपण काय धरून चाललोय हे उघड सांगून माल देणं ही चांगली रीत आहे, आणि खताला, सूक्ष्म अन्नद्रव्याला मी ती वापरतो. पण तणनाशक बऱ्याचदा फवारणीवाला गडी मारतो, मालक समोर नसतो, आणि चिठ्ठी पिशवीत राहते. तिथं मी त्यावर भरवसा ठेवत नाही.

पोराला चहा पाजून थांबवलं. काही वेळानं फोटो आला. सरीच्या बगलेला सोयाबीन, तीन पानांवर, आणि मध्ये माठ आणि गवत. मामांचा फोनही मागोमाग आला: "सरीत सोयाबीन हाय, त्याला चालंल असलं द्या, असं लिहीत होतो बघ."

आता तुम्ही म्हणाल, मग सोयाबीनचं तणनाशक द्यायचं. तेही चालत नाही. इमॅझेथापायर सोयाबीनला चालतं पण उसाला मार देतं. क्विझालोफॉप गवत मारतं, आणि ऊस हे गवतच. दोन्ही पिकं उगवून उभी असताना दोघांनाही निभावेल असं माझ्या फळीवर काही नव्हतं. मामांना भांगलण करायला सांगितलं, मजूर कमी असतील तर आधी माठ उपटून घ्या, तो सोयाबीनच्या वर जातोय, असंही सांगितलं. पुढच्या वेळी टोकणी झाल्यावर लगेच, उगवण्याआधी या, तेव्हा काहीतरी करता येईल. पोरगा रिकाम्या हातानं परत गेला.

या कामातली एक गोष्ट मला अजून जास्त सतावते. हा मेसेज तुटलेला होता म्हणून तरी आम्ही थांबलो. मामांनी "सरीत" हा शब्द लिहिलाच नसता, तर "२ एकर उसाला तणाचं औषध पोराकडं द्या" हा मेसेज अगदी पूर्ण दिसला असता. त्यातही सोयाबीन नव्हतंच. म्हणून पावसाळ्यात उसाच्या तणनाशकाची ऑर्डर कितीही नीट लिहून आली तरी दुकानातल्या पोरांना मी तीन गोष्टी विचारायला सांगितल्या आहेत: लावण की खोडवा, किती दिवसांचा, आणि सरीत काय आहे. उत्तर बिलाच्या मागच्या बाजूला लिहायचं. शेजारच्या रानात तंबाखू असला तर तेही, कारण टू फोर डीचा तुषार वाऱ्यानं बांध ओलांडून गेला तर तंबाखूची पानं मुरडतात, आणि ते रान ज्याचं आहे त्यानं आपल्याला मेसेज केलेलाच नसतो.