नोंदवही: रेंजमधले स्प्रेड आणि वरची पातळी फुटल्यावरचा हिशेब

निफ्टी एका रेंजमध्ये फिरत असताना मी वर कॉल स्प्रेड आणि खाली पुट स्प्रेड विकतो. या वेळची नोंद त्यावरच्या एकाच प्रश्नावर आहे. निपाणीचा मित्र तंबाखूच्या वखारीत हिशेब बघतो. परवा फोनवर त्याने विचारलं, "अरे, वरची बाजू फुटली तर खालची बाजू नफ्यात असतेच की. मग एवढं काय बिघडतं?" मी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत जेवणाच्या सुट्टीत होतो, तिथे नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे मांडतो. आकडे गोल केलेत.

निफ्टी काही आठवडे 24,400 च्या सपोर्टवरून उसळतोय आणि 25,200 च्या रेझिस्टन्सवरून परततोय. भाव 24,800 आणि एक्सपायरीला सहा दिवस आहेत. 25,300 चा कॉल 30 ला विकला आणि 25,500 चा 12 ला घेतला. खाली 24,300 चा पुट 37 ला विकला आणि 24,100 चा 17 ला घेतला. वरून 18, खालून 20, मिळून 38 पॉइंट हातात आले. दोन्हीकडे रुंदी 200 आहे, म्हणून जास्तीत जास्त तोटा 162. हिशेबाला 75 चा लॉट धरला तर 2,850 साठी 12,150 ची जोखीम. शेवटपर्यंत नुसतं धरून बसायचं ठरवलं आणि निकाल पूर्ण नफा किंवा पूर्ण तोटा असाच लागला, तर खर्च सोडून नुसतं बरोबरीला यायलाही 100 पैकी 81 वेळा जिंकावं लागेल. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

आता वरची बाजू फुटते. तीन दिवस उरलेत आणि तासाची कॅन्डल 25,230 ला बंद झाली. विकलेला 25,300 अजून लागलेलाही नाही. तरी 18 ला विकलेला कॉल स्प्रेड साधारण 54 ला जातो, कारण उरलेल्या दिवसांत 25,300 ओलांडण्याची शक्यता बाजार आताच भावात धरतो. पुट स्प्रेड 2 वर येतो. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. खालच्या बाजूने 20 पैकी 18 देऊन टाकले, आता तिच्याकडे द्यायला 2 पॉइंटच उरले. वरची बाजू मात्र 54 वरून 200 पर्यंत जाऊ शकते. जिंकणाऱ्या बाजूचा नफा तिच्या प्रीमियमपाशी थांबतो, तिने दुसरीचा तोटा भरून निघत नाही.

या क्षणी सगळं बंद केलं तर 56 द्यावे लागतात, म्हणजे 18 पॉइंटचा तोटा, 1,350 रुपये. थांबलो आणि दुसऱ्या दिवशी भाव 25,400 ला गेला, तर भाव दोन्ही स्ट्राइकच्या बरोबर मध्ये येतो आणि स्प्रेड साधारण अर्ध्या रुंदीला, 100 ला. तोटा 62 पॉइंट, 4,650 रुपये. एक्सपायरीला 25,500 च्या वर बंद झाला की पूर्ण 12,150.

म्हणूनच मी विकायचा स्ट्राइक रेझिस्टन्सवर ठेवत नाही, त्याच्या 100 पॉइंट पलीकडे ठेवतो. प्रीमियम कमी मिळतो, पण पातळी फुटल्याचं कळतं तेव्हा स्प्रेड अजून आवाक्यात असतो. इंडेक्सला स्वतःचा व्हॉल्यूम नसतो, म्हणून फुटणं खरं की खोटं हे मी फ्युचरच्या व्हॉल्यूमवर पाहतो. शिवाय 25,200 च्या कॉलचा ओपन इंटरेस्ट भाव चढताना घटत असेल, तर विकणारेच पळतायत असं समजतो. तरी खोटे ब्रेकआऊट येतातच. भाव परत 25,000 ला आला की 18 चा तोटा झालेला असतो आणि 38 मिळायचे राहतात. तासाची कॅन्डल पातळीबाहेर बंद झाली की बाहेर पडायचं, या नियमाची ती किंमत आहे, ती मला मान्य आहे.

रात्रीतून गॅपने उघडलं तर हा नियम कामाला येत नाही. बाजार थेट 25,450 ला उघडला तर मधला कुठलाच भाव मिळत नाही. तिथे 12 ला घेतलेला 25,500 चा कॉलच तोट्याला मर्यादा घालतो. प्रीमियम वाचवायला तो लेग कधीच सोडू नये.

बाहेर पडताना आधी विकलेला लेग परत घ्यायचा, मग घेतलेला विकायचा. उलटं केलं तर मधल्या वेळात उघडा कॉल उरतो आणि मार्जिन एकदम वाढतं. लांबच्या स्ट्राइकला खरेदी-विक्रीच्या भावात फट असते, तिथे लिमिट ऑर्डरच टाका.

पुट स्प्रेड वर सरकवून आणखी प्रीमियम घ्यायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही: रेंज अरुंद होते आणि खोटा ब्रेकआऊट परत फिरला की खालची बाजू लागते. पुढच्या मंगळवारच्या एक्सपायरीपर्यंत तासाच्या बंद भावाने आणि दिवसाच्या बंद भावाने बाहेर पडण्यात किती पॉइंटचा फरक पडतो, ते शेजारी शेजारी लिहिणार आहे.