‘पूर’ शोधला, ‘पुरात’ हाती लागले नाही

कोल्हापुरातल्या एका वाचनालयात पंचगंगेच्या पुरांविषयीची वर्तमानपत्री कात्रणे वर्षानुवर्षे जपून ठेवलेली आहेत. ती स्कॅन करून, ओसीआरने मजकूर काढून त्यात शब्द शोधण्याची सोय करून देण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. पहिल्या चाचणीसाठी एकच गठ्ठा घेतला होता आणि ग्रंथपाल शेजारी बसले होते. त्यांनी ‘पूर’ असा शब्द टाइप केला आणि ११ कात्रणे समोर आली. ते म्हणाले, “अहो, अकराच? या एका गठ्ठ्यातच याच्या कितीतरी पट बातम्या आहेत, मी स्वतः लावल्यात.” त्यांचे म्हणणे पडताळण्यासाठी मी त्यांच्याबरोबर बसून तोच गठ्ठा हाताने चाळला आणि पुराविषयीची ४० कात्रणे खूण करून वेगळी काढली. ४० पैकी ११, म्हणजे रिकॉल, सापडायला हवे त्यातले किती सापडले याचे प्रमाण, चौथ्या हिश्श्याच्या थोडे वर. पुढचे सगळे प्रयोग मी याच ४० कात्रणांवर मोजले.

कारण उघड होते. बातमीत नुसते ‘पूर’ क्वचित येते. ‘पुरात’, ‘पुराच्या पाण्याने’, ‘पुरामुळे’, ‘पुरानंतर’ अशीच रूपे येतात, कारण मराठीत विभक्तीचा प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय हे दोन्ही नामाला जोडून लिहिले जातात. तेव्हा प्रत्यय कापून टाकावेत, म्हणजेच स्टेमिंग करावे, हा पहिला विचार. ‘ाच्या’, ‘ामुळे’, ‘ानंतर’, ‘ात’, ‘ाला’ अशी यादी केली, लांब प्रत्यय आधी तपासला जाईल असा क्रम लावला (नाहीतर ‘च्या’ आधी कापला जाऊन ‘पुरा’ उरतो) आणि शोधासाठीची शब्दांची अनुक्रमणिका नव्याने तयार केली. पुन्हा शोधले तर आकडा जेमतेम हलला.

चूक सापडायला संध्याकाळ गेली, आणि सापडल्यावर स्वतःचेच हसू आले. ‘पुरात’मधून ‘ात’ काढल्यावर ‘पुर’ उरते, आणि शोधलेला शब्द ‘पूर’ असतो. शाळेत घोकलेला नियम इथे आडवा आला होता: उपान्त्य ई-ऊ सामान्यरूपात ह्रस्व होतो, जसे गूळ-गुळाचा, ऊस-उसाला, विहीर-विहिरीत, गरीब-गरिबास. शिवाय दीर्घोपान्त्य तत्सम शब्द त्याला अपवाद आहेत, म्हणून शरीर-शरीरात. इंग्रजीसाठी रचलेल्या स्टेमरच्या कल्पनेत शेपूट कापले की धड तसेच राहते. मराठीत शेपूट जोडताना धडाचाही आकार बदलतो.

त्यावर सोपा उपाय म्हणजे दीर्घ-ह्रस्वाचा भेद अनुक्रमणिकेपुरता मोडून टाकणे. पायथॉनमध्ये त्याला एक ओळ पुरते:

```python
fold = str.maketrans("ीूईऊ", "िुइउ")
```

मजकुरावर आणि शोधशब्दावर, दोन्हींवर, हे लावायचे. मी ते लावले आणि ‘कोल्हापूरहून’ मात्र तसेच्या तसे राहिले. कापून उरलेले सगळे तुकडे एकत्र छापून पाहिल्यावर शेवटी ‘हुन’ असलेले ढीगभर शब्द दिसले आणि उलगडा झाला: मजकूर मी ह्रस्व केला होता, पण प्रत्ययांच्या यादीत ‘हून’, ‘ांनी’, ‘ून’ दीर्घच राहिले होते. यादीलाही तीच ओळ लावल्यावर ते जुळले. अशी चूक शोधाच्या निकालात दिसत नाही. ती उरलेल्या तुकड्यांच्या यादीतच दिसते, म्हणून ती यादी डोळ्यांखालून घालावीच लागते.

आता ४० पैकी ३५ सापडली. पण एकूण निकाल ५२ होते, म्हणजे १७ भलतेच. क्रियापदांचेही प्रत्यय मी कापत असल्यामुळे ‘रस्त्यासाठी निधी पुरला नाही’मधले ‘पुरला’, ‘वर्षभर पुरते’मधले ‘पुरते’ आणि विशेषण ‘पुरा’ हे सगळे ‘पुर’ होऊन एकाच पेटीत पडत होते. ‘मृत जनावरे पुरली’ हे वाक्यही याच गोंधळातून वर आले, मात्र ती बातमी योगायोगाने पुराचीच निघाली, त्यामुळे माझ्या मोजणीत स्टेमरला एक गुण फुकट मिळाला.

ग्रंथपालांना हे १७ खटकले, म्हणून मी लेमटायझेशनकडे वळलो. इथे शब्द कापायचा नसतो. तो कोणत्या मूळ शब्दाचे रूप आहे हे कोशाच्या आधाराने ठरवायचे असते. मी नामांची एक सारणी केली, तिच्यात प्रत्येक शब्दासमोर त्याचे सामान्यरूप लिहिले: पूर-पुरा, पाणी-पाण्या, देऊळ-देवळा, पाऊस-पावसा, मासा-माशा. ‘पावसात’चे ‘पाऊस’ हे कोणत्याही कापणीने होत नाही. स्टेमर ‘पावस’वर थांबतो, आणि पावस हे तर रत्नागिरीजवळचे गाव आहे. तसेच ‘गेला’ हे ‘जाणे’चे आणि ‘झाला’ हे ‘होणे’चे रूप हेही सारणीशिवाय कळत नाही, म्हणून क्रियापदांची रूपेही तिच्यात घातली. सारणी लावल्यावर ‘पुरला’ हे ‘पुरणे’कडे गेले आणि निकाल एकदम स्वच्छ झाले: ३३ निकाल, त्यांतले ३१ बरोबर.

पण ३१ म्हणजे स्टेमरपेक्षा कमी, आणि हे मला अपेक्षित नव्हते. हुकलेली कात्रणे काढून वाचली तेव्हा त्यांत ‘पूरात’ आणि ‘पूरामुळे’ असे छापलेले आढळले. माझी सारणी शुद्धलेखनाच्या नियमांवर उभी होती आणि वर्तमानपत्र तितके काटेकोर नव्हते. ज्या अडाणी ह्रस्वीकरणाने मला १७ चुकीचे निकाल दिले होते, त्यानेच या अशुद्ध रूपांनाही पकडले होते.

म्हणून शेवटी तिन्ही एकामागून एक लावले. आधी ह्रस्वीकरण, सारणीसकट. मग सारणीत सामान्यरूप शोधणे आणि त्यापुढे उरलेला भाग प्रत्ययांच्या साखळीत बसतो का ते पाहणे. यामुळे ‘पुरासारख्याच’सारखे एकावर एक प्रत्यय चढलेले शब्दही जुळले, जे एकदाच कापणाऱ्या स्टेमरच्या हातून निसटले होते. शब्द सारणीत नसेल, जसे गावांची आणि माणसांची नावे, तरच स्टेमर. या जुळणीत ४१ निकाल आले आणि त्यांतले ३७ बरोबर होते. चार चुकीच्यांपैकी दोन तर ओसीआरने ओळीच्या शेवटी ‘कोल्हा’ आणि ‘पुरात’ असे तोडलेल्या गावाच्या नावाचे होते.

एक निर्णय मात्र सहज घेता आला नाही. ‘भावाने बहिणीला होडीतून बाहेर काढले’ आणि ‘भाजी दुप्पट भावाने विकली’ या दोन वाक्यांत रूप एकच, मूळ शब्द वेगळे: भाऊ आणि भाव. संदर्भ पाहून एकच निवडणारे साधन बहुतेकदा बरोबर निवडेल, पण जेव्हा चुकेल तेव्हा ते कात्रण त्या शब्दाखाली कधीच सापडणार नाही. मी अनुक्रमणिकेत दोन्ही शब्द नोंदवले. ‘मुलाला’चे ‘मूल’ आणि ‘मुलगा’ असे दोन्ही नोंदवले, तेही याच विचाराने. यामुळे ‘भाऊ’ शोधणाऱ्याला भाजीची बातमी दिसते, हे ग्रंथपालांना दाखवले. ते म्हणाले, “नको असलेले कात्रण मी बाजूला ठेवीन. न दिसलेले कसे बाजूला काढू?”

उरलेल्या तीन कात्रणांत ‘महापुरात’ आणि ‘पूरग्रस्तांना’ एवढेच शब्द होते. हे सामासिक शब्द असल्यामुळे कापूनही आणि कोश लावूनही ते ‘पूर’पर्यंत येत नाहीत. त्यांच्यासाठी ग्रंथपाल सध्या एका वहीत यादी करत आहेत: महापूर, पूररेषा, पूरस्थिती, पूरग्रस्त. वहीचे दुसरे पान सुरू झाले आहे.